बॉक्सवाल्या काकांशी रेट कसा बोलायचा?

प्रश्न: नमस्कार, मी आणि मिस्टर कुपवाड एमआयडीसीत मसाले आणि शेंगदाणा चटणीचं छोटं युनिट चालवतो. खोके पहिल्यापासून एकाच काकांकडून घेतो, पाच प्लायचे, महिन्याला साधारण 5000. काकांनी आता एकदम 32 चा रेट 36 केला, म्हणाले पेपर वाढलाय. इचलकरंजीकडचा एक नवीन माणूस 31 ला द्यायला तयार आहे. आम्ही पेमेंट 50 दिवसांनी करतो, मिस्टर म्हणतात 36 द्यायचे असतील तर सरळ 90 दिवस करूया. पण काकांनी लॉकडाऊनमध्ये उधारीवर माल दिलेला, दिवाळीत रात्री टेम्पो पाठवलेला. त्यांना दुखवायचं नाहीये पण चार रुपये म्हणजे महिन्याला वीस हजार जातात. कसं बोलू?

उत्तर: ताई, आधी एक काम करा, काकांना फोन करायच्या आधी किचनमधला नाही तर पॅकिंगचा वजनकाटा घ्या आणि तुमचे दहा रिकामे खोके एकत्र बांधून वजन करा. खोक्याचा धंदा हा किलोवर चालतो, नगावर फक्त बिल होतं, आणि तुमच्या खोक्याचं वजन तुम्हाला माहीत नसेल तर 32 पण खरे वाटणार, 36 पण आणि 31 पण.

तुम्ही साइझ लिहिलेली नाही म्हणून मी एक धरतो, तुम्ही तुमचे आकडे घाला. समजा खोका आतून 450 बाय 300 बाय 300 मिलिमीटरचा आहे. तो उलगडून जमिनीवर पसरला तर लांबी चारी बाजूंची मिळून 150 सेंटिमीटर आणि जोडाच्या पट्टीचे वगैरे 5, म्हणजे 155. रुंदी म्हणजे उंची आणि वरखालच्या झाकणांची मिळून 60 आणि कटिंगचे 2, म्हणजे 62. म्हणजे एका खोक्याला जवळपास 0.96 चौरस मीटर शीट लागतं. आता पाच प्लाय म्हणजे तीन सपाट कागद आणि दोन नागमोडी, वरचा कागद 150 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 150 ग्रॅमचा, आणि बाकी सगळे 120 चे असं धरूया, नागमोडी कागद घडी पडल्यामुळे सपाटपेक्षा साधारण 1.4 पट जास्त लागतो. सगळं मिळून एका चौरस मीटरला 726 ग्रॅम होतात आणि तुमचा खोका बसतो 700 ग्रॅमच्या आसपास. डिंकाचं वजन वर थोडं.

आता पेपर वाढायच्या आधी क्राफ्ट पेपर 30 रुपये किलो होता असं धरू (खरा रेट काकांनाच विचारायचा, त्यावर येते). 700 ग्रॅमचे 21 रुपये, वर 5 टक्के वेस्टेज, म्हणजे 22 रुपयांचा कागद. 32 मधले उरलेले 10 रुपये म्हणजे डिंक, पिना, शाई, लाइट, मजुरी, टेम्पो आणि काकांचा नफा. पेपर जर 3 रुपयांनी वाढून 33 झाला असेल तर तुमच्या खोक्यावर त्याचा फरक पडतो 2 रुपये 20 पैसे. चार नाही. मजुरी आणि लाइट पण वाढलं म्हणतील, तेही खरं असू शकतं, त्या 10 मधले 7 रुपये असा खर्च धरला आणि तो 8 टक्के वाढला तरी 56 पैसे. म्हणजे वाढ पावणेतीन-2.80 च्या घरात समजण्यासारखी आहे, वरचा सव्वा रुपया कुठून आला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि तो विचारताना आवाज चढवायची गरज पण नाही.

आता तो सव्वा रुपया काका लबाडीने लावतायत असं लगेच धरू नका. खोकेवाल्यांची सध्या एक वेगळी गोची झालीये. 22 सप्टेंबर 2025 पासून कोरोगेटेड खोक्यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि क्राफ्ट पेपरवरचा 12 वरून 18 झाला. तुमच्याच खोक्यावर बघा, काका 22 रुपयांचा कागद घेताना जवळपास 4 रुपये टॅक्स भरतात आणि तुम्हाला 32 ला विकताना तुमच्याकडून घेतात 1 रुपया 60 पैसे. मधले 2 रुपये 36 पैसे दर खोक्यामागे सरकारकडे अडकून राहतात. फक्त तुमच्या 5000 खोक्यांचे महिन्याला बारा हजाराच्या जवळ. त्याचा रिफंड मिळतो, पण अर्ज, सीएची फी, आणि वाट बघणं. आणि पेपर मिलवाला काय थांबत नाही, लहान गिऱ्हाईकाला तर ॲडव्हान्स नाही तर आठ-दहा दिवसात पैसे असाच हिशोब असतो, इकडे तुम्ही देणार 50 दिवसांनी. म्हणजे काकांची खरी दुखरी नस नफा नाहीये, खेळतं भांडवल आहे, आणि बरेच छोटे कारखानदार ते दुखणं वेगळं मांडत नाहीत, सरळ रेटमध्ये घुसडतात.

इथे एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा, अडकलेले पैसे आणि गेलेले पैसे यात फरक आहे. ते 2.36 काकांचे बुडलेले नाहीत, चार महिने अडकले तरी दीड टक्का महिन्याने त्याचं व्याज होतं 14 पैसे. त्या नावाखाली कोणी सव्वा रुपया मागत असेल तर तो हिशोब बसत नाही. पण व्याजाचा प्रश्न खरा आहे आणि तोच तुमच्या हातातला पत्ता आहे.

म्हणून मिस्टरांचा 90 दिवसांचा बेत मला अजिबात पटत नाही. एक तर जिथे दुखतंय तिथेच बोट घालणं झालं, काका हो म्हणतील आणि पुढच्या वेळी 38 करतील. दुसरं म्हणजे कायदा. काका स्वतः खोके बनवतात आणि त्यांचं उद्यम रजिस्ट्रेशन मायक्रो किंवा स्मॉलमध्ये असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याने तुम्हाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसात आणि करार नसेल तर 15 दिवसात पैसे द्यायलाच लागतात. त्यापुढे गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागू होतं, महिन्याच्या चक्रवाढीने. काका ते मागणार नाहीत हे मला पण कळतं, पण इन्कम टॅक्सवाला बघतो. सीए लोक ज्याला 43बी(एच) म्हणतात ती तरतूद 2023-24 या आर्थिक वर्षापासून लागू झाली, त्यात अशी मुदत उलटून दिलेली रक्कम ज्या वर्षी खरोखर दिली त्याच वर्षी खर्च म्हणून धरता येते. 90 दिवस करून ठेवलंत तर 31 मार्चला तीन महिन्यांची बिलं उभी राहतील, पाच लाखांच्या आसपास, तेवढा खर्च त्या वर्षी मिळणार नाही आणि न झालेल्या नफ्यावर टॅक्स भरायची वेळ येईल. तुमचे आत्ताचे 50 दिवससुद्धा याच्या बाहेरच आहेत. काका नुसते ट्रेडर असले, म्हणजे दुसऱ्याकडून घेऊन विकत असले, तर ही मुदत लागू होत नाही, तेव्हा त्यांचं उद्यम सर्टिफिकेट मागून तुमच्या सीएला एकदा दाखवाच.

त्यापेक्षा उलटं करा. 50 चे 20 दिवस करा आणि त्याची किंमत मागा. तुमच्या कॅश क्रेडिटचं व्याज 12 टक्के धरलं तर महिन्याचं पावणेदोन लाखाच्या आतलं बिल 30 दिवस आधी देण्याचा तुम्हाला खर्च येतो सतराशेच्या आसपास, म्हणजे खोक्यामागे 34-35 पैसे. काका तेच पैसे बाजारातून दोन टक्के महिन्याने उचलत असतील, आणि छोटे कारखानदार उचलतात हो, तर त्यांचे वाचतात 69 पैसे. मधे जागा आहे. 50 पैसे मागा. त्यांचेही 19 पैसे वाचले आणि तुमचेही 15. आकडा लहान दिसतो पण या मागणीत कुणाच्या खिशातून कुणी काढून घेत नाहीये, म्हणून ही मागणी करताना संबंधाला ओरखडा जात नाही. आणि हो, 20 म्हणजे 20. दोन महिने 20 ला दिले आणि तिसऱ्या महिन्यात "जरा पुढे ढकला काका" झालं की तो 50 पैशांचा मुद्दा कायमचा गेला. तुमची वसुलीच 40 दिवसांनी होत असेल तर 30 दिवस कबूल करा आणि 30 पैसे मागा, पण पाळता येईल तेवढंच बोला.

आता इचलकरंजीचे 31. त्याच्याकडून दोन सॅम्पल खोके मागवा आणि काकांच्या खोक्याबरोबर एकाच दिवशी, एकाच शेडमध्ये दिवसभर ठेवून मग वजन करा, कारण कागद हवेतली ओल पितो, पावसाळ्यात तोच खोका जड भरतो आणि मग तुलना फसते. माझा अंदाज आहे की तो 620-640 ग्रॅम भरेल. आतले कागद 100 जीएसएमचे टाकले की वजन तिथेच येतं, आणि 630 ग्रॅमला 31 म्हणजे किलोला 49 रुपये झाले, काकांचा रेट 34 च्या आसपास ठरला असं धरलं तर 700 ला 34 म्हणजे 48.50. कोण महाग ते तुम्हीच बघा. वजन सारखं भरलं तरी बीएफ विचारा, बीएफ म्हणजे कागदाची फुटण्याला टक्कर द्यायची ताकद, 16 आणि 20 बीएफचा कागद हाताला सारखाच लागतो पण रेट वेगळा असतो. बिलावर 18 बीएफ लिहून दे म्हटलं की समोरचा काय चेहरा करतो त्यावरून पण बरंच कळतं. शिवाय नवीन माणूस छपाईच्या ठशाचे, म्हणजे स्टिरिओचे, पैसे वेगळे लावेल, पहिले काही लॉट ॲडव्हान्स मागेल, एका साइझला दोन-तीन हजाराच्या खाली मशीन लावणार नाही, हे सगळं 31 मध्ये धरलंय का विचारा.

हे सगळं वजनाचं पुराण मी एवढ्यासाठी लावलंय की या धंद्यात रेट तोडला की माल तुटतो. तुम्ही काकांना 33 वर दाबलंत, काका "बरं ताई" म्हणाले, तुम्ही खूश, आणि पुढच्या लॉटपासून आतला एक कागद 120 चा 100 झाला. त्यात तुम्हाला फसवल्यासारखं त्यांना वाटतही नाही, त्यांच्या मते तुम्ही 33 वाला खोका मागितला, त्यांनी 33 वाला दिला. माझ्या ओळखीत एका लोणच्यावाल्यांकडे असंच झालं, रेट तोडल्याचा आनंद जूनपर्यंत टिकला, मग डीलरच्या गोडाऊनमध्ये थप्पीतला सगळ्यात खालचा थर पोटाशी फुगायला लागला, कोपरे बसले, दोन बरण्या फुटल्या आणि तेल खालच्या पाच खोक्यांत उतरलं. खालच्या थराची पोटं फुगणं ही पहिली खूण आहे, कोपरा दाबून बघितला की बोट आत जातं ती दुसरी. तुमच्याकडे चटणीचं तेल आहे, त्यामुळे हे तुम्हाला जास्त लागू आहे. तेव्हा रेट ठरवाल तेव्हा वजन त्याच श्वासात ठरवा, 700 ग्रॅम, 5 टक्के इकडेतिकडे चालेल, दर लॉटचे दहा खोके आम्ही काट्यावर टाकणार.

बोलायचं कसं, हा तुमचा मूळ प्रश्न. फोनवर नको आणि तुमच्या ऑफिसला बोलावून पण नको, काकांच्या कारखान्यात जा, पण पगाराच्या दिवशी किंवा डिस्पॅचच्या गडबडीत नाही, आणि त्यांच्या माणसांसमोर रेटचा विषय काढू नका. मिस्टर आणि तुम्ही दोघं गेलात तर आधी घरी ठरवून जा, एक जण 90 म्हणतोय आणि दुसरा 20 असं तिथे झालं तर सगळं मुसळ केरात. 31 चं कोटेशन खिशातून काढून टेबलावर टाकायचं नाही. पण ताकाला जाऊन भांडं पण लपवू नका, काकांनी विचारलं की बाहेर रेट घेतला का, तर घेतला म्हणा, कमी आहे म्हणा, खोका हलका आहे तेही म्हणा. गावात टेम्पोवाला एकच असतो, तुमच्या आधी बातमी त्यांना पोचलेली असते.

साधारण असं बोलता येईल: "काका, पेपर वाढलाय हे मला माहितीये, त्याचे पैसे तुमच्या खिशातून जावेत असं मला वाटत नाही. पण माझा खोका 700 ग्रॅम भरतो, पेपर तीनने वाढला तर माझ्या हिशोबाने 2.20 होतात, मजुरीचं धरून 2.80. चार कसे झाले ते मला समजावून सांगा." आणि मग गप्प बसा. खरंच गप्प. आपल्याकडे लगेच "नाही म्हणजे तुमचंही बरोबर आहे" असं आपणच म्हणून टाकायची सवय असते, ते तेवढं टाळा, काकांना बोलू द्या. ते कॅल्क्युलेटर काढतील, मिलचं जुनं-नवं बिल दाखवतील, नाहीतर उखडतील. उखडले तर वाद घालू नका, मिलचं बिल बघायला मागितलं हा अविश्वास वाटू शकतो, तेव्हा "पेपर खाली आला की हाच हिशोब उलटा लावायचाय म्हणून एकदा आकडा कागदावर घेऊया" असं म्हणा, कारण खरंच तसंच करायचंय.

त्या बैठकीतून मिळवण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि ती रेट नाही, सूत्र आहे. आज पेपरचा जो रेट दोघांनी मान्य केला तो पाया, त्यापुढे पेपर एक रुपयाने हलला की खोका 73 पैशांनी हलणार, वर पण आणि खाली पण, 700 ग्रॅम आणि 5 टक्के वेस्टेज धरून ते तेवढंच येतं. दर तीन महिन्यांनी बघायचं, मधे पेपर दोन रुपयांपेक्षा जास्त हलला तरच आधी बसायचं. काकांना याचा फायदा असा की पुढच्या वाढीला तुमच्याशी परत घासाघीस करायला लागत नाही. तुम्हाला फायदा असा की पेपर उतरल्यावर "विसरलो बघा" होत नाही. मजुरी-लाइटचा भाग वर्षातून एकदा, एप्रिलला.

एक प्रश्न अजून नक्की विचारा, "काका, माझ्या साइझमध्ये तुमचा कागद किती वाया जातो?" मघाशी आपण शीटची रुंदी 62 धरली. काकांकडे 125 सेंटिमीटरचा रील असेल तर त्यात दोन शीट बसतात, 124, एक सेंटिमीटर कचरा. पण तुमचा खोका उंचीला फक्त एक सेंटिमीटर जास्त असता तर दोन शीटना 126 लागले असते आणि काकांना मोठा रील लावून उरलेली पट्टी रद्दीत घालायला लागली असती, आणि त्याचे पैसे अर्थातच तुम्ही देणार. बरणीच्या झाकणावर पाच-दहा मिलिमीटर मोकळी जागा असते बऱ्याचदा, ती कमी करून रीलमध्ये बसत असेल तर दोघांचा फायदा. काका हे तुम्हाला आपणहून सांगणार नाहीत, त्यांना वाटतं गिऱ्हाईकाची साइझ म्हणजे दगडावरची रेघ. तसंच तुम्ही तीन-चार साइझचे खोके वेगवेगळ्या दिवशी थोडेथोडे मागवत असाल तर महिन्याची यादी 25 तारखेला एकदम द्या, प्रत्येक वेळी मशीन सेटिंग आणि शाई बदलायचा वेळ वाचतो, त्यावर 20-25 पैसे मागायला हरकत नाही.

माझ्या हिशोबाने तुम्ही 34.30 च्या आसपास थांबावं, 32 अधिक 2.80 वजा लवकर पेमेंटचे 50 पैसे. 36 च्या मानाने महिन्याला साडेआठ हजार, त्यातून लवकर पेमेंटच्या व्याजाचे सतराशे गेले तरी पावणेसात-6800 उरतात. 33 पर्यंत ओढू नका, ओढता येईल कदाचित, पण मग वजनकाटा रोज लावत बसा. रात्रीचा टेम्पो, दिवाळीआधी तुमच्या नावाने पाचशे खोके करून ठेवणं, याला बिलात ओळ नसते, ते त्या 10 रुपयांतूनच निघतं.

घरी आल्यावर त्याच दिवशी काकांना व्हॉट्सॲप टाका, वकिली भाषा नको: "काका, आज ठरल्याप्रमाणे: 5 प्लाय, 700 ग्रॅम, 18 बीएफ, रेट 34.30 अधिक जीएसटी, पेपर बेस 33, फरक रुपयाला 73 पैसे, पेमेंट 20 दिवस, यादी 25 तारखेला. काही चुकलं असेल तर सांगा." काकांचा अंगठा आला की झालं. पण 45 दिवसांच्या मुदतीसाठी सीए लेखी करार मागत असेल तर हेच पर्चेस ऑर्डरवर छापून दोघांच्या सह्या करून ठेवा.

आणि काका 36 वरून हललेच नाहीत, हिशोब पण दाखवला नाही, असं झालं तर लगेच सगळं उचलून इचलकरंजीला नेऊ नका. तुमची एखादी कमी खपाची साइझ, महिन्याच्या 5000 मधले हजारभर, तेवढेच दुसरीकडे द्या, 700 ग्रॅम आणि 18 बीएफ सांगूनच रेट घ्या, आणि ऑर्डर टाकायच्या आधी काकांना स्वतः सांगा की ही साइझ तीन महिने बाहेर करून बघतोय. एक पावसाळा त्या खोक्यांनी डीलरकडे काढला की 31 ची खरी किंमत कळेल, आणि तोपर्यंत काकांचंही मिलचं बिल खाली-वर झालेलं असेल, तेव्हा परत जाऊन बसा.